'हो, आणि' म्हणूनही सीन पुढे का सरकत नाही?

रंगवेध

नमस्कार. आम्ही आठ जण गेले दोन महिने आठवड्यातून एकदा जमून इम्प्रोवचा, म्हणजे संहितेशिवाय उत्स्फूर्त अभिनयाचा, सराव करतो. आमच्यापैकी कोणीही पूर्वी रंगमंचावर काम केलेले नाही. पहिल्याच दिवशी आम्ही 'हो, आणि' हे तत्त्व समजून घेतले. सहकाऱ्याने जे मांडले ते खरे मानायचे आणि त्यात आपली भर घालायची, एवढेच ते आहे. सरावासाठी आम्ही वर्तुळात उभे राहतो, एक जण गोष्टीचे पहिले वाक्य बोलतो आणि पुढचा प्रत्येक जण 'हो, आणि' म्हणून एक वाक्य जोडतो.

मागच्या खेपेला आम्ही हा खेळ फोनवर ध्वनिमुद्रित केला. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा देतो.

'आपल्याला माळ्यावर एक जुनी पेटी सापडली.'
'हो, आणि पेटीत एक हत्ती आहे.'
'हो, आणि हत्तीला पंख आहेत.'
'हो, आणि आकाशातून एक यान खाली येते आहे.'
'हो, आणि यानात आपले शाळेतले गुरुजी बसले आहेत.'
'हो, आणि गुरुजी राजा झाले आहेत.'

खेळताना आम्ही पुष्कळ हसलो, पण ध्वनिमुद्रण ऐकताना कोणालाच हसू आले नाही. कोणीही कोणाला नकार दिलेला नाही, प्रत्येकाने भर घातली आहे, आणि तरीही ती पेटी कोणाची होती याची चौकशी कोणी केली नाही. नियम पाळूनही गोष्ट उभी का राहत नाही आणि हा खेळ नेमका कसा खेळावा, हे जाणकारांनी सांगावे.

तिसरी_घंटा

तुमचा नियम अर्धाच पाळला जातो आहे असे मला वाटते. इम्प्रोवमध्ये 'नाही' हा शब्द उच्चारायचाच नसतो आणि प्रश्नही विचारायचा नसतो. माझ्या पहिल्या कार्यशाळेत हे दोन नियम भिंतीवर लावलेले होते. ते काटेकोर पाळले आणि जरा वेग वाढवला, तर विचार करायला वेळच मिळत नाही आणि मग गोष्ट आपोआप रंगते. चुटकी वाजवून प्रत्येकाला दोन सेकंदांत बोलायला लावून पाहा.

निळी_शाई

हा धागा पाहून फार बरे वाटले. आमच्या कार्यालयातल्या बैठकांमध्ये मी हेच सुचवत असते. कोणी कल्पना मांडली की तिच्यातले दोष काढण्याऐवजी सर्वांनी 'हो, आणि' म्हणावे, म्हणजे निर्णय लवकर होतात. बैठकीत हे रुजवण्यासाठी कोणता खेळ घ्यावा?

सूत्रधारीण

निळी_शाई, बैठकीत कल्पना निवडायच्या असतात, म्हणून तिथे कधीतरी नकार द्यावाच लागतो. सीनमध्ये निवड करायची नसते, दोघांना मिळून एक जग उभे करायचे असते, आणि समोरच्याने ठेवलेली वीट काढून घेतली तर भिंत उभी राहत नाही. त्यामुळे हे तत्त्व बैठकीत जसेच्या तसे लागू होईल असे मला वाटत नाही. येथे मी रंगवेध यांच्या प्रश्नापुरतेच लिहिते.

रंगवेध, तुम्ही संवाद जसाच्या तसा दिलात हे फार चांगले केलेत, कारण दोष त्यात स्पष्ट दिसतो. एक कसोटी लावून पाहा. मधले कोणतेही एक वाक्य काढून टाका आणि पुढचे वाक्य अडते का ते बघा. 'हत्तीला पंख आहेत' हे वाक्य काढले तरी यान खाली येऊ शकते. 'यान खाली येते आहे' हे काढले, तर फक्त गुरुजींना बसायला जागा उरत नाही. म्हणजे तुमच्या वर्तुळात 'आणि' भरपूर आहे, 'हो' मात्र केवळ तोंडाने म्हटले जाते आहे. यान आले त्याच क्षणी हत्ती नाहीसा झाला. तोंडाने होकार देऊन केलेला तो नकारच आहे, आणि तो उघड दिसत नाही म्हणून नवख्यांना तो सर्वात उशिरा उमगतो.

याचे एक कारण वर्तुळातच आहे. आठ जणांच्या वर्तुळात आपली पाळी सात वाक्यांनंतर येते. तोवर माणूस स्वतःचे वाक्य मनात तयार करून ठेवतो आणि पाळी आली की ते सोडून देतो. आधीच्याचे वाक्य त्याच्या कानांवर पडते, पण तो ते ऐकत नाही. म्हणून तिसरी_घंटा यांचा चुटकीचा उपाय येथे उलटा पडेल अशी मला भीती वाटते. वेग वाढवला की माणूस अधिकच आधीपासून तयारी करतो.

पायरीवरचा

सात वाक्यांचे आपण लिहिलेत ते अगदी माझ्याबाबतीत खरे आहे. मी रंगवेध यांच्या गटात सर्वात अबोल आहे. वर्तुळ माझ्यापर्यंत येईपर्यंत मी मनात तीन वाक्ये घोळवतो आणि त्यातले सर्वात विचित्र निवडतो, कारण साधे वाक्य बोललो तर माझ्याकडे कल्पनाशक्ती नाही असे इतरांना वाटेल अशी धास्ती असते.

सूत्रधारीण

ही धास्ती मी जवळजवळ प्रत्येक नव्या गटात पाहिली आहे. इम्प्रोवचे नामवंत शिक्षक कीथ जॉन्स्टन यांनी 1979 साली आलेल्या आपल्या पुस्तकात यावरच भर दिला आहे: जो नट मौलिक होण्याचा प्रयत्न करतो तो अडखळतो, आणि जो स्वतःला उघड दिसणारी गोष्ट बोलतो तोच प्रेक्षकांना मौलिक वाटतो. सहकारी जे काही बोलतो किंवा करतो त्याला त्यांनी 'ऑफर' म्हटले, आणि ती ऑफर झेलण्याऐवजी तिचा रस्ता अडवणे म्हणजे 'ब्लॉक'. माळ्यावर जुनी पेटी सापडली असेल, तर तुम्हाला उघड दिसणारी पुढची गोष्ट कोणती?

पायरीवरचा

तिला कुलूप असेल. आणि किल्ली घरातल्याच कोणाकडे तरी असेल.

सूत्रधारीण

पाहा, 'किल्ली घरातल्याच कोणाकडे तरी असेल' या एका वाक्यात एक माणूस आला आणि त्याच्याजवळचे एक गुपितही आले. पंखांच्या हत्तीने यातले काहीही आणले नव्हते.

आता खेळाविषयी लिहिते. आठ जणांच्या चार जोड्या करा. एका वेळी एकच जोडी खेळेल, बाकीचे सहा जण बघतील. पहिले वाक्य साधे असावे, त्यात एक ठिकाण आणि एक घडलेली गोष्ट असावी. त्याच पहिल्या वाक्यावर जोडीने तीन फेऱ्या खेळायच्या. पहिल्या फेरीत दुसरा नट प्रत्येक गोष्ट नाकारतो. दुसऱ्या फेरीत तो 'हो, पण' म्हणतो. या दोन फेऱ्यांना अर्धा-अर्धा मिनिट पुरे. तिसरी फेरी 'हो, आणि'ची, ती दोन मिनिटे चालू द्यावी. आधीच्या दोन फेऱ्या वगळू नयेत, कारण 'हो, पण' ऐकायला होकारासारखे वाटते आणि सीन मात्र जागच्या जागी फिरवत ठेवते, हे स्वतः खेळल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या फेरीत एक अट घालावी. आपली भर घालण्याआधी समोरच्याच्या वाक्यातली एक गोष्ट स्वतःच्या बोलण्यात घ्यायची आणि तिचा एकच परिणाम सांगायचा. दोन परिणाम नकोत. आमच्या सरावात दीपगृहावरच्या दोन कामगारांचा सीन असा झाला होता.

'दिवा आज तिसऱ्यांदा विझला.'
'तिसऱ्यांदा विझला म्हणजे त्या होडीवाल्यांना वाटणार की आपण त्यांना खूण करतो आहोत.'
'खूणच वाटली त्यांना. बघ, त्यांनीही त्यांचा कंदील तीनदा झाकला.'
'तीनदा झाकून ते थांबले आहेत. आता उत्तर द्यायची पाळी आपली आहे.'
'उत्तर काय द्यायचे? आपण काय विचारले होते तेच आपल्याला माहीत नाही.'
'काहीही विचारलेले असो, त्यांना ते पटलेले दिसते. होडी वळली, इकडेच येते आहे.'

यात एकही चमत्कारिक वस्तू नाही. विझलेला दिवा पहिल्या वाक्यात आला आणि सहाव्या वाक्यापर्यंत तोच काम करतो आहे. कोणतेही वाक्य काढून पाहा, पुढचे अडखळते. पाचव्या वाक्यात प्रश्न आहे आणि 'माहीत नाही' हा नकारार्थी प्रयोगही आहे, तरीही सीन थांबला नाही.

तिसरी_घंटा

माझा आक्षेप त्या पाचव्या वाक्यालाच आहे. आपण नियम मोडलात आणि योगायोगाने तो खपून गेला. नवख्यांना अशी सूट दिली तर ते सर्रास प्रश्न विचारू लागतात. 'तुझ्या हातात काय आहे?' 'आपण कुठे आहोत?' असे प्रश्न आले की सगळे ओझे समोरच्यावर पडते.

सूत्रधारीण

ओझ्याविषयी आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. 'तुझ्या हातात काय आहे?' हा प्रश्न रिकामा असतो, त्यात विचारणारा काहीच देत नाही. 'ही तीच किल्ली ना, जी तू हरवली म्हणून सांगितलेस?' हाही प्रश्नच आहे, पण त्यात किल्ली आहे, खोटे बोलणे आहे आणि दोघांमधले नाते आहे. माझ्या मते मोजायचे असेल तर वाक्याने काही दिले की नाही ते मोजावे, त्याच्या शेवटी कोणते चिन्ह आहे ते पाहू नये. पहिले दोन-तीन आठवडे प्रश्नांवर बंदी ठेवायला माझी हरकत नाही, कारण त्या बंदीमुळे विधान करण्याची सवय लागते.

'नाही'बाबत मात्र मी ठाम आहे. होकार नटाने द्यायचा असतो, पात्राने नव्हे. 'बाबा, मी उद्या जहाजावर नोकरीला निघालो' या वाक्यावर 'तू जाणार नाहीस, तुझे कपडे मी विहिरीत टाकले आहेत' असे बापाने म्हटले, तर पात्राने कडकडीत नकार दिला, पण नटाने मुलगा, जहाज, उद्याची वेळ हे सगळे खरे मानले आणि वर विहीर दिली. उलट 'हो, जा, पण तू माझा मुलगा नाहीस, आणि हे घर नसून दवाखाना आहे' या वाक्यात 'हो' आहे आणि तरी सगळे पाडून टाकले आहे.

ही जुनी समज आहे. 1957 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये कंपास या इम्प्रोव मंडळीत काम करताना डेल क्लोज, इलेन मे आणि थिओडोर फ्लिकर यांनी प्रयोगांचा अनुभव ताडून स्वयंपाकघरात बसून काही नियम ठरवले. सहकाऱ्याने उभे केलेले वास्तव नाकारू नये, हा त्यांतला एक होता. त्यात भर वास्तवावर आहे, 'नाही' या शब्दावर नाही.

मूकपट

मी संहितेच्या नाटकांत काम करतो आणि या चर्चेत माझा एक अनुभव सांगावासा वाटतो. एका प्रयोगात सहकलाकार आपले वाक्य विसरला आणि 'पत्र आलेच नाही' असे म्हणून मोकळा झाला. संहितेनुसार पत्र आलेले होते आणि पुढचा अख्खा प्रवेश त्या पत्रावर उभा होता. मी घाबरून 'आले की, हे काय टेबलावर' असे म्हणालो. प्रेक्षकांना तत्काळ कळले की काहीतरी चुकले आहे. आज वाटते की 'आले नाही असे तुला सांगायला मीच पोस्टमनला बजावले होते' असे म्हटले असते, तर त्याचे वाक्यही खरे राहिले असते आणि पत्रही माझ्या खिशातून निघाले असते.

शब्दवेल्हाळ

मूकपट, आपल्या उदाहरणावरून मला बरेच दिवस घोळत असलेला एक मुद्दा मांडतो. आपल्या बोलण्यात 'हो' हा शब्द फार स्वस्त आहे. 'हो हो' म्हणजे पुरे करा, 'हो का?' म्हणजे मला पटलेले नाही, 'हो ना' म्हणजे मी ऐकतच नव्हतो. त्यामुळे मराठीत खेळताना 'हो, आणि' हे शब्द पहिल्या पाच मिनिटांतच हुंकारासारखे होतात. रंगवेध यांच्या वर्तुळात तेच झालेले दिसते.

त्याऐवजी मराठीत 'म्हणूनच तर' हा प्रयोग आहे, तो वापरून पाहावा. 'माळ्यावर जुनी पेटी सापडली.' 'म्हणूनच तर आजी सकाळपासून जिन्यात बसून आहे.' 'म्हणूनच तर' म्हटले की मागचे वाक्य सोडून पुढे जाताच येत नाही, जीभच अडते. 'म्हणूनच तर पंखांचा हत्ती आला' असे बोलायचे झाले, तर हत्तीचा पेटीशी संबंध सांगावाच लागेल.

सूत्रधारीण

हे फार चांगले सुचवले आहे आणि मी ते माझ्या गटात करून पाहीन. एक शंका मात्र आहे. 'म्हणूनच तर' मागे पाहायला लावते. प्रत्येक जण आधी घडलेल्या गोष्टींची कारणे सांगत राहिला, तर आत्ता या क्षणी मंचावर काहीच घडणार नाही. आजी जिन्यात बसली आहे हे कळले, पण ती उठून आली पाहिजे.

शब्दवेल्हाळ

ही मर्यादा खरी आहे, पण नवख्यांची पहिली अडचण ऐकण्याची आहे, घडण्याची नंतरची. आधी जोडायला शिकू द्यावे, पुढे ढकलणे मागाहून शिकता येईल.

सूत्रधारीण

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कारणे सांगण्याची सवय एकदा लागली की ती सुटायला वेळ लागतो, कारण कारण सांगताना माणसाला सुरक्षित वाटते.

अधलीमधली

मला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. मी एका गटात गेले होते. तिथे सीनमध्ये एका सहकाऱ्याने मला उचलून खांद्यावर घेतले, आणि मी आक्रसले तेव्हा 'हो, आणि म्हणायचे असते' असे मला सुनावले गेले. मी पुन्हा तिथे गेले नाही. तत्त्व खरोखरच असे आहे का?

सूत्रधारीण

नाही, तसे मुळीच नाही, आणि तुम्हाला तसे सांगणारा पूर्णपणे चुकला. वर लिहिले त्याप्रमाणे होकार कल्पित वास्तवाला द्यायचा असतो. तुमचे शरीर हे कल्पित वास्तव नाही. माझ्या गटात खेळ सुरू होण्याआधी दोन गोष्टी ठरतात. कोणाला कोठे स्पर्श चालेल हे प्रत्येक जण सांगतो, आणि 'थांबा' हा शब्द पात्राच्या तोंडी कधीच वापरायचा नाही असे ठरते. मग कोणीही 'थांबा' म्हटले की तो नट बोलतो आहे हे सगळ्यांना कळते, सीन तिथेच संपतो आणि कारण विचारले जात नाही.

तिसरी_घंटा

हे आमच्या कार्यशाळेत कोणीही सांगितले नव्हते. 'नाही हा शब्दच उच्चारायचा नाही' हा नियम अशा प्रसंगी किती घातक ठरू शकतो हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी माझे ते विधान मागे घेतो. प्रश्नांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

रंगवेध

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही आठही जण जमलो आणि सूत्रधारीण यांनी सांगितलेल्या तीन फेऱ्या खेळलो. काय झाले ते लिहितो.

पहिले वाक्य सगळ्या जोड्यांना एकच दिले: 'ग्रंथालय बंद व्हायला पाच मिनिटे आहेत आणि तो माणूस अजून झोपलेलाच आहे.' नकाराची फेरी वीस सेकंदांतच दमली, कारण 'कोणीही झोपलेले नाही' असे म्हटल्यावर पुढे बोलायला काही उरेना. 'हो, पण'च्या फेरीत दोघे जण त्या माणसाला उठवावे की नाही यावर तावातावाने बोलत राहिले आणि अर्ध्या मिनिटानंतरही तो झोपलेलाच होता. बघणाऱ्यांना हा फरक बोलणाऱ्यांपेक्षा आधी कळला.

तिसऱ्या फेरीत पहिल्या दोन जोड्या फसल्या. समोरच्याची गोष्ट बोलण्यात घ्यायची म्हणून त्या संपूर्ण वाक्यच परत म्हणू लागल्या. 'तो माणूस झोपलेला आहे.' 'हो, तो माणूस झोपलेला आहे आणि तो घोरतो आहे.' 'हो, तो घोरतो आहे आणि...' हे पोपटपंचीसारखे होत गेले. मग आम्ही ठरवले की समोरच्याचा एकच शब्द उचलायचा, तोही वाक्याच्या सुरुवातीलाच असला पाहिजे असे नाही. तिसऱ्या जोडीत पायरीवरचा होता. त्याचा संवाद देतो.

'तो माणूस अजून झोपलेलाच आहे.'
'झोपू दे. आठवडाभर तो याच पानावर झोपतो.'
'याच पानावर? मी रोज त्याच्या हातातले पुस्तक उचलून कपाटात ठेवते.'
'आणि तो रोज सकाळी येऊन तेच पान उघडतो. त्याला शेवट वाचायचा नाही.'
'मी शेवट वाचला आहे.'
'मग त्याला उठवू नकोस.'

येथे खोलीत एकदम शांतता पसरली आणि मग सगळे हसले. मी काढून टाकण्याची कसोटी लावून पाहिली, एकही वाक्य निघत नाही.

चौथ्या जोडीने 'म्हणूनच तर' वापरले. तो माणूस का झोपला याची पाच कारणे आम्हाला समजली आणि तो दोन मिनिटे झोपूनच राहिला. एका जोडीवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात दोन जोड्या 'म्हणूनच तर'ने आणि दोन जोड्या एका शब्दाच्या अटीने खेळतील. 'थांबा'चा नियमही कालपासून लागू केला आहे.

शब्दवेल्हाळ

त्या चौथ्या जोडीला पहिली दोन वाक्ये 'म्हणूनच तर'ने आणि पुढची मोकळी असे खेळायला द्याल का? माझा अंदाज आहे की दोनच जोडण्या पुरतील.

रंगवेध

अवश्य देतो. ध्वनिमुद्रणातला संवाद येथेच टाकीन.

पायरीवरचा

काल मी बोलण्याआधी मनात एकही वाक्य तयार केले नव्हते. जोडीत तेवढा वेळच मिळाला नाही. 'पान' हा शब्द तोंडून कसा आला ते मला अजून सांगता येत नाही.

सूत्रधारीण

तुमच्या साथीदाराने ते पान लगेच उचलले, तेही पाहा. पुढच्या खेपेला जोड्या बदला. एकाच साथीदाराबरोबर सवय झाली की माणूस ऐकणे सोडून अंदाज बांधू लागतो.